कोरडं बॉनेट

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी खानापूरहून भाच्याचा व्हिडिओ आला. चार मिनिटं बारा सेकंदांचा. खाली एकच ओळ होती, "मावशी, बघून सांग, आजच टोकन द्यायचंय." निपाणीजवळच्या एका खेड्यातली गाडी. २०१४ ची डिझेल हॅचबॅक, राखाडी रंग, केए-२३ पासिंग, ७८ हजार किलोमीटर, मागणी तीन लाख दहा हजार. मालक निवृत्त मास्तर. व्हिडिओ त्यांनी स्वतःच काढला होता आणि वर्गात नकाशा समजावून सांगावा तसे ते गाडी दाखवत होते. "ही पुढची बाजू. हा उजवा दरवाजा, इथं एक ओरखडा आहे, तो बघून घ्या." ओरखड्यापाशी फोन दोन क्षण थांबायचा. लपवणारा माणूस ओरखड्यापाशी थांबत नाही. मला मास्तर आवडले. पहिल्यांदा बघताना मी गाडीपेक्षा त्यांचा आवाजच जास्त ऐकला. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा टायर बघितले. तिसऱ्यांदा बघताना चहा हातात तसाच राहिला.

टपावर दव होतं आणि बॉनेट कोरडं होतं.

टपावर दवाचे बारीक, गोल, टपोरे थेंब होते. मागच्या काचेवर तसेच. बॉनेटच्या कडांवरही होते. बॉनेटचा मधला भाग मात्र कोरडा, आणि कोरड्या भागाची कड गोधडीवर ओल पसरते तशी वेडीवाकडी. फडक्यानं पुसलं असतं तर सरळ पट्टे दिसले असते, थेंब एका बाजूला ओढलेले दिसले असते. असं मधूनच वाळतं ते खालून ऊब लागली की. म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याच्या आधी इंजिन चालू होतं, आणि दोन मिनिटं नव्हे, चांगला पाव तास. दोन मिनिटं पुढं मास्तर म्हणतात, "आता चालू करून दाखवतो, सकाळची पहिली," आणि गाडी अर्ध्या किल्लीत लागते.

"सकाळची पहिली" हे दोन शब्द मला दिवसभर टोचत राहिले. डिझेल इंजिनाची खरी परीक्षा रात्रभर थंड पडल्यावरच होते. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. कॉम्प्रेशन थोडं उतरलं असेल, थंड इंजिनाला ऊब देणारा एखादा ग्लो प्लग मेला असेल, इंजेक्टर टपकत असेल, तर थंडीत इंजिन लगेच पेट घेत नाही. स्टार्टर बराच वेळ फिरतो, इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं, मागून पांढरा धूर येतो तो न जळलेल्या डिझेलचा. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल झिरपलं असेल तर पहिल्या मिनिटात निळसर झोत येतो आणि मग काहीच नाही. पाव तास तापलेलं इंजिन यातलं काहीच दाखवत नाही. धूर तर व्हिडिओत तसाही नीट पकडता येत नाही. मास्तरांनी सायलेन्सर दाखवला, पण मागं उजळ आभाळ होतं. निळसर धूर दिसायला मागं काळपट भिंत किंवा झाडी लागते.

आप्पांना मी व्हिडिओ ऐकवला. दाखवला असं म्हणता येत नाही. साखरेनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. उद्यमबागमध्ये त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं आणि बारा वर्षं तिथली बिलं मी लिहिली. काम डेंटिंगचं असलं तरी गाडी आत आली की ती आधी ऐकायची त्यांची सवय. त्यांनी फोन कानाला लावला. "पुन्हा लाव." पुन्हा लावला. "ही झोपेतनं उठलेली गाडी न्हवं," ते म्हणाले. मग मी मीटरवरचा भाग थांबवत थांबवत बघितला. किल्ली फिरवल्यावर ग्लो प्लगचा तो स्प्रिंगसारखा दिवा लागला आणि लगेच विझला. जानेवारीतल्या सकाळी थंड गाडीत तो थोडा रेंगाळायला हवा. इंजिन लागल्यावर फेऱ्यांचा काटा सरळ ८०० च्या जवळ जाऊन बसला. थंड इंजिन आधी जरा वर, हजाराच्या आसपास असतं आणि गरम होत जाईल तसं खाली येतं. दव, दिवा आणि काटा असे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

आप्पा आवाजावर विसंबतात, पण फोनमधल्या आवाजावर किती विसंबावं याचा मी त्या दिवशी बराच विचार केला. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असतं तेव्हा सेकंदाला साधारण सत्तावीस वेळा पेट घेतं. तो खर्जातला घुमारा फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येते ती वरची खडखड, टॅपेटची टिकटिक, पट्ट्याची शीळ. बेअरिंगचा जाड ठोका, गिअरबॉक्सची घरघर हे खालच्या सुरातलं सगळं वाटेतच गळतं. शिवाय फोन स्वतःहून आवाज सारखा करतो. हळू असेल ते वर उचलतो, मोठं असेल ते दाबतो, त्यामुळे किती मोठा आवाज याला काही अर्थ राहत नाही. एक गोष्ट मात्र टिकते, ती म्हणजे ताल. एक सिलिंडर अडखळत असेल तर ती लंगडी चाल फोनमधूनही कळते. म्हणून मी आवाजाची जात सोडून देते आणि ठेका ऐकते.

पत्र्याचंही तसंच. दुकानात गाडी धुऊन कुणी आणली की आप्पा तिला उन्हात उभी करून पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचे नाहीत. ओला पत्रा सगळंच झाकतो, बारीक ओरखडे पाण्यानं भरतात, मेलेला रंग चमकतो. मग दरवाजाशी डोळा नेऊन समोरच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब बघायचे. तार पत्र्यावरून सरळ वाहत गेली तर ठीक. मध्ये साप वळल्यासारखी वळली तर तिथं लांबी भरलेली. व्हिडिओत हे दिसू शकतं, पण फोन आणि व्हॉट्सॲप मिळून चित्र इतकं घासतात की रंगावरचा बारीक दाणा, संत्र्याच्या सालीसारखा, पुसला जातो आणि कंपनीचा रंग आणि गल्लीतला रंग सारखेच दिसतात. म्हणून मी नेहमी सांगते, वाळलेल्या गाडीवर बोटाच्या पेरानं ठोकत चला, फोन जवळ धरून. मोकळा पत्रा टणटणतो, लांबीखालचा पत्रा दबका बोलतो. हा फरक फोनमधूनही येतो.

भाच्याला मी सांगितलं, टोकन थांबव, दुसरा व्हिडिओ मागव. तो कावला. "मावशी, दुसरं गिऱ्हाईक हाय म्हणालेत, तू काय करायलीस?" तरी त्यानं माझ्या मागण्या पाठवल्या. व्हिडिओ मध्ये न थांबवता काढायचा. सुरुवात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून करायची. बॉनेट आणि बाजूच्या फेंडरचे बोल्ट जवळून दाखवायचे, कारण कधी पाना लागला असेल तर बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग उडतो. आणि चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवायचे.

सीटबेल्टचं कारण निपाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं आणि रस्ता बंद झाला होता. त्या दोन्ही वर्षांनंतर दुकानात आलेल्या गाड्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. पुरातली गाडी आतून धुतात, सीटची कव्हरं बदलतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ राहते, चहाच्या कपात राहते तशी. सीटच्या रुळांच्या आतल्या बाजूला मऊ माती राहते. बेल्ट अगदीच कोरा दिसला तर त्याच्या लेबलवरची तारीख बघायची. २०१४ च्या गाडीत २०२१ चा बेल्ट का, हे विचारता येतं.

दोन दिवसांनी दुसरा व्हिडिओ आला. मास्तरांनी सांगितलं तसंच केलं होतं, फक्त आवाजातला जिव्हाळा गेला होता. "हे बोल्ट. हा बेल्ट. झालं?" बोल्ट न हललेले. बेल्ट जुने, मळकट, रेघ नाही. लेबल गाडीच्याच वयाचं. बॉनेटवर हात ठेवला होता, पण हात गार लागला की कोमट हे मला कसं कळणार? त्या दिवशी दवही नव्हतं. मी त्यांच्या पंजाकडे बघत बसले. म्हातारा, शिरा वर आलेला, खडूनं झिजलेला वाटणारा पंजा. या माणसाला मी खोटं ठरवायला निघाले आहे असं वाटून बरं वाटेना, आणि त्या कोरड्या बॉनेटचा विचारही जाईना.

आम्ही जायचं ठरवलं.

पहाटे पाचला बेळगाव सोडलं. भाचा आदल्या रात्रीच येऊन राहिला होता. आप्पा हट्टानं पुढच्या सीटवर बसले. तवंदी घाट उतरताना उजाडत होतं. मास्तरांना फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. अंगणात एक मोठं चिंचेचं झाड, त्याखाली गाडी, आणि टपापासून बॉनेटपर्यंत सगळीकडे सारखं दव. मी हात ठेवला. गारठा मनगटापर्यंत चढला. भाच्यानं किल्ली फिरवली. स्प्रिंगचा दिवा दोनेक सेकंद राहिला, विझला, स्टार्टर एक, दोन, तीन वेळा घुमला आणि इंजिन लागलं. काटा हजाराच्या थोडा वर जाऊन हळूहळू उतरला. मी मागं चिंचेच्या खोडाकडे बघत उभी होते, काळ्या खोडापुढं जरा पांढरी वाफ आली आणि विरली. निळं काही नाही. आप्पांनी मान हलवली. "चांगलं हाय इंजिन."

मग मी मास्तरांना सरळच विचारलं, त्या दिवशी व्हिडिओच्या आधी गाडी चालू केली होती का? ते म्हणाले, "रोजच करतो की. पोरं पुण्यात, गाडी फिरत नाही, बॅटरी उतरू नये म्हणून रोज पाव तास चालू ठेवतो. तुम्ही पहिली म्हणजे काय म्हणता मला काय ठाऊक? माझ्या मते पाहुण्यांसाठी पहिली." त्यांच्या बायकोनं चहा आणला. मला तो कप धरताना अवघडल्यासारखं झालं. आठवडाभर मी ज्याच्यावर संशय घेतला होता तो त्यांचा रोजचा नेम होता.

आप्पा मात्र चहाला उतरले नव्हते. ते गाडीत बसले होते, काचा वर, दारं बंद. ऊन आता काचेवर आलं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी काच ठोकली. मी दार उघडलं तर ते म्हणाले, "बस आत. तोंड मिटून श्वास घे." मी बसले. आधी सीटचा, अत्तराच्या बाटलीचा, जुन्या प्लास्टिकचा वास. त्याच्या खाली दुसरा, पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा. डावीकडच्या सीटपुढं रबरी मॅट होती. ती उचलली, खालचा कार्पेट वरून कोरडा. आप्पांनी अंगठा खोल दाबला आणि माझ्या बोटाला लावला. ओला.

भाच्याचा चेहरा उतरला. "पुरातली?" आप्पांनी ओलं बोट नाकाशी नेलं, मग दोन बोटांत चोळलं. पुराच्या पाण्यात गाळ असतो, बोटांत रेव लागते आणि ती सगळीकडे सारखी पोचते, चारही पायांशी, सीटच्या रुळांत, स्टेपनीच्या खड्ड्यात. आम्ही डिकी उघडून स्टेपनी उचलली. खड्डा कोरडा, जुनी धूळ. मागच्या सीटखाली कोरडं. उजवीकडे कोरडं. फक्त डावा पुढचा पाय ओला. तिथं पाणी यायच्या वाटा तीन. हीटरमधून कूलंट गळत असेल तर ते चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट थर धरतो. ते नव्हतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल तर एसी चालवल्यावरच ओलं होतं, आणि या थंडीत मास्तर एसी कशाला लावतील? उरला पाऊस, किंवा पाऊस नसताना पाइपानं धुतलेलं पाणी. मास्तर दर रविवारी पाइपानं गाडी धूत होते.

आप्पांनी वायपरखालची प्लास्टिकची जाळी चाचपली. भाच्यानं ती काढली. खाली चिंचेच्या पाल्याचा ओंजळभर, काळा, चहापत्तीसारखा चोथा. आंब्याचं पान असतं तर जाळीवरच अडलं असतं. चिंचेचं पान नखाएवढंही नसतं, ते जाळीतून थेट आत पडतं आणि निचऱ्याची भोकं बुजवून टाकतं. मग पाणी साठतं, वर चढतं आणि एसीच्या पंख्याला हवा जाण्याच्या तोंडातून आत उतरतं, बरोबर डाव्या पायाशी. वर रबरी मॅट असल्यामुळे खालचा जाड फोम महिनोन्महिने वाळत नाही. घरी परतल्यावर मी पहिला व्हिडिओ पुन्हा बघितला. ज्या कोरड्या बॉनेटकडे मी आठवडाभर बघत होते, त्याच्यावर चिंचेची बारीक, जाळीदार सावली पहिल्या सेकंदापासून हलत होती.

मास्तर त्या चोथ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. रोज तिथं बसणाऱ्याला तो वास येत नाही, नाक सरावतं. जे त्यांनाच जाणवत नव्हतं ते ते फोनपुढं कसं धरणार?

फोम उचलून आम्ही खालचा पत्रा बघितला. तांबूस गंज होता, पण आप्पांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जागोजाग दाबून बघितलं, पत्रा कुठं दबला नाही. वायरिंगच्या एका कनेक्टरमध्ये दोन पिनांवर हिरवट बुरशी आली होती, तांब्यावर येते ती. आज सगळे दिवे लागत होते. अशा पिना कधी त्रास देतील ते कुणी सांगू शकत नाही, कधीतरी पावसात एखादा दिवा उगीच लागेल आणि सर्व्हिसवाल्याला दोन दिवस सापडणार नाही. फोम आणि कार्पेट पूर्ण काढून वाळवणं, पत्र्याला गंजरोधक मारणं, कनेक्टर साफ करणं किंवा बदलणं, असा अंदाजे पंधरा हजारांचा खर्च मी कागदावर मांडला. मास्तरांनी वीस कमी केले. मी पंधराच म्हणत होते, ते ऐकेनात. माझ्या मते आम्ही गाडी घेतली ते बरोबर केलं, पण त्या वीस हजारांत माझ्या संशयाचेही काही रुपये त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले असं मला अजून वाटतं.

भाच्यानं काम नीट करून घेतलं. फोम चार दिवस उन्हात पडला होता, जाळीखालची भोकं तारेनं मोकळी केली, पाणी ओतून खाली रस्त्यावर पडताना बघितलं. मग जुलै आला. खानापूरचा पाऊस, दोन-दोन दिवस उघडीप नाही, जांबोटीकडचे ओढे रस्त्यावर आलेले. गेल्या मंगळवारी त्याचा व्हिडिओ आला. पावसाचा आवाज इतका की त्याचं बोलणंही नीट कळेना. त्यानं डावी मॅट उचलली, कार्पेटवर तळहात घट्ट दाबून धरला आणि मग पंजा उघडून कॅमेऱ्यापुढं केला. "बघ मावशी, कोरडा."

पंजा कोरडा दिसत होता. मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला इचार, हाताला गार लागतंय का?"

मी लिहिलं. भाच्याच्या नावाखाली typing… आलं, गेलं, पुन्हा आलं.